समोरच्या बँकेनं परत पाठवलेले पैसे

‘आपण परदेशी पाठवलेली रक्कम परत आली आहे, शाखेशी संपर्क साधा.’ बँकेचा एवढाच मेसेज. का परत आली, आता आहे कुठं, माझ्या खात्यात पडणार कधी, यातलं एक अक्षर त्यात नाही. पैसे घेताना मात्र चार ठिकाणी सह्या घेतल्या होत्या माझ्या. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हटलं, शेंगाचटणी उद्या ने बाई, आणि रिक्षा करून थेट बँक गाठली.

परदेशी पैशांचं काम बघणारी प्रियदर्शनी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. कॉम्प्युटरात बघून म्हणाली, “काकू, समोरच्या बँकेनं परत पाठवलेत.”

मी मागं वळून काचेतून बघितलं. “समोर तर रसाचं दुकान हाय.”

“तसं नाही हो. डब्लिनची बँक. जिथं तुमच्या मुलीचं खातं आहे, ती.”

“मग तसं बोला की. आणि का परत पाठवले?”

“मुंबईच्या ऑफिसला विचारावं लागेल. बसा थोडं.”

बसा म्हटलं की मला संशय येतो. माणसाला बसवून ठेवायचं, तोवर आत काय करायचं ते करून घ्यायचं. पैसे माझ्याकडं नाहीत, लेकीकडंही नाहीत, मग कुणाच्या तरी खिशात असतीलच की. आणि इकडं लेक खोळंबलेली. तिनं तिथं एक खोली बघितली होती. शुक्रवारपर्यंत अनामत भरली नाही तर ती खोली दुसऱ्याला जाणार होती.

खरं सांगायचं तर बँकेपेक्षा मला जावयाचा जास्त संशय होता. श्रीशैल बिराजदार. नाव देवाचं, पण पगार लेकीचा आणि पाकीट त्याचं, असला कारभार. नवराबायको एका घरात राहतात तर हिला वेगळी खोली कशाला, हे मी विचारलं होतं. ऑफिस लांब पडतं, असं तिनं लिहिलं. मला काही ते पटलं नव्हतं. यानंच काहीतरी करून पैसे माघारी धाडले असणार, असं माझ्या मनानं घेतलं.

मॅडमनं फोन खाली ठेवला. “काकू, खात्यावरचं नाव जुळत नाही म्हणून परत आलेत.”

“म्हंजे खातं दुसऱ्याचं हाय?”

“खात्यावर कुणाचं नाव आहे ते ती बँक सांगत नाही. तुम्ही दिलेलं नाव आणि त्यांच्याकडचं नाव वेगळं आहे, एवढंच कळवलंय.”

मी सृष्टी श्रीशैल बिराजदार लिहून दिलं होतं. घरात लेकीच्या पासपोर्टची झेरॉक्स होती, तिच्यावरून एकेक अक्षर बघून. चुकणार कसं?

मॅडमनं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज बारीक केला. “खात्याचा नंबर तुम्हाला कुणी दिला?”

“लेकीनं. व्हॉट्सॲपवर.”

“तिच्या नेहमीच्या नंबरवरून?”

“नवीन घेतलाय तिनं.”

“बोलणं झालं होतं का? आवाज ऐकलात?”

या व्यवहाराचं सगळं लिहूनच झालं होतं. ‘अव्वा, पाठवशील का? नवीन खातं काढलंय. नाव माझंच घाल.’ एवढंच. मॅडम म्हणाली, हल्ली नवीन नंबरवरून असंच मागतात, मुलगी म्हणून, मुलगा म्हणून. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काळजी होती आणि मला त्या काळजीचाच राग आला. मी काय अशी फसणारी बाई आहे? पण फसलेली प्रत्येक बाई हेच म्हणत असेल, असंही लगेच वाटलं.

“व्हिडिओ कॉल करा,” मॅडम म्हणाली. “इथंच, माझ्यासमोर.”

तिकडं नुकतं उजाडलं होतं. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा माझी लेकच होती, विस्कटलेल्या केसांची. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्यावर खेकसलेच.

“खात्यावर नाव काय हाय तुझ्या? पैसे परत आलेत.”

“काय लिहिलंस तू?”

“सृष्टी श्रीशैल बिराजदार. दुसरं काय लिहू?”

ती उठून बसली. मॅडमही स्क्रीनकडं बघत होती.

“अव्वा, मी म्हटलं होतं ना, नाव माझंच घाल.” मग हळूच म्हणाली, “दानेश्वरी. दानेश्वरी अण्णाराव हत्तुरे. नवीन पासपोर्टवर तेच आहे.”

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. बिराजदारांना दानेश्वरी जुनाट वाटलं, श्रीशैलला सृष्टी शोभतं म्हणाले. मग आधार, पासपोर्ट सगळं तसंच झालं. ते नाव जाऊन पासपोर्टवर माहेरचं नाव परत कधी येतं, हे कळायला मला शाळा लागत नाही.

“कधी झालं?” मी विचारलं.

“दिवाळीच्या आधी. पुण्याच्या कोर्टात. दोघांच्या संमतीनं. मी इथूनच हजर झाले, व्हिडिओवर.”

“आणि मला सांगितलं न्हाईस.”

“अण्णा गेल्यापासून तू एकटी. गल्लीत काय तोंड दाखवशील, म्हणून...”

दिवाळीत मी दोघांच्या नावानं डबा भरून पाठवला होता. जावयाला कडक भाकरी आवडते म्हणून जास्तीच्या घातल्या होत्या. मला लई वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. जावयाचा नाही, तिचाही नाही. माझ्या लेकीला माझीच भीती वाटावी, याचा.

मॅडम खाली बघत म्हणाली, “काकू, ते पैसे आधी आपल्या बँकेच्या युरोच्या खात्यात येतील. मुंबईवाले व्यवहाराचा नंबर जुळवतील, मग त्या दिवशीच्या युरो-खरेदीच्या दरानं रुपये करून तुमच्या खात्यात टाकतील. मेसेज आला असला तरी पैसे अजून वाटेत आहेत. आले की दोन-तीन कामाचे दिवस धरा. थोडे कमी येतील. मधल्या बँका आपला आकार कापून घेतात, आणि आपलं पाठवणावळीचं कमिशनही परत मिळत नाही.”

“कमी आले तरी येतील ना?”

“येतील. पण शुक्रवारचं म्हणत असाल तर त्यांची वाट बघू नका. बरोबर नावानं दुसरे पाठवा. दुपारच्या आत कागद दिलेत तर आज निघतील. मुलीला नवीन पासपोर्टचा फोटो पाठवायला सांगा.”

“माझी एक ठेव हाय, ती मोडा.”

फोनमधून लेक म्हणाली, “अव्वा, नको ना. ठेव मोडू नको. मी बघते कुठून तरी.”

“तू गप. पासपोर्टचा फोटो पाठव.”

“चिडलीस?”

“चिडले की. चिडू नको तर काय करू?” बँकेतली माणसं बघायला लागली होती, बघू देत. “पैसे परत आले, कापून, कमी होऊन आले, तरी ही बँक खात्यात घेणार हाय. दानेश्वरी, मी काय बँकेपेक्षा वाईट हाय का गं?”

तिनं फोन बाजूला ठेवला. स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं, आणि तिचं रडणं ऐकू येत होतं. मी फोन बंद केला नाही. तसाच टेबलावर उभा करून ठेवला आणि मॅडमला तिचं नाव एकेक अक्षर सांगायला लागले.