चैत्याचा परिच्छेद

जयवंतीचा प्रकल्प सर्पदंशावर होता. तलासरीच्या पाड्यांवरून माणूस दवाखान्यात उशिरा का पोचतो, हे तिने घरोघरी विचारलं होतं. घरी ती वारली बोलायची, शाळा मराठीतून झाली आणि इंग्रजी पुस्तकांतून आलं. म्हणून इंग्रजी अहवालातलं प्रत्येक वाक्य तिने व्याकरणाशी ताडून लिहिलं होतं.

डहाणूच्या कॉलेजात तिच्या मार्गदर्शक हेमाली मॅडमनी तिला कॉम्प्युटर लॅबमध्ये बोलावलं. पडद्यावर अहवाल लालेलाल झाला होता.

“डिटेक्टर म्हणतोय, हे एआयने लिहिलंय.”

“मीच लिहिलंय, मॅडम.”

“मग परत लिही. लाल जायला हवं, नाहीतर वर पाठवता येणार नाही.”

मॅडम तासाला गेल्या. रिकाम्या लॅबमध्ये पंखा तेवढा फिरत होता. सर्वात गडद लाल होता चैत्याचा परिच्छेद. चैत्या, तिचा धाकटा भाऊ. भातकापणीत त्याला घोणस चावली, आणि गाडीची वाट बघताना तिचा हात धरूनच तो गेला. ते तिने रडू आवरत, मोजक्या सरळ शब्दांत लिहिलं होतं. यंत्राच्या मते ते माणसाचं नव्हतं.

तिने वाक्यं आणखी नीटनेटकी केली. लाल वाढलं. मग मुद्दाम एक शब्द चुकवला, तशी टक्केवारी उतरली. एक वाक्य मोडलं, आणखी उतरली. चैत्याने हात धरल्याचं वाक्य काढून तिथे कसलीतरी विचित्र उपमा घातली. सगळं हिरवं झालं.

तिने ते मोठ्याने वाचलं. त्यात कुणीतरी मरत होतं, पण तो चैत्या नव्हता. सांगणारीही कुणी अनोळखी बाई होती.

मॅडम परतल्यावर ती म्हणाली, “मॅडम, हे हिरवं झालंय. पण हे माझं नाहीये.”

मॅडमनी दोन्ही परिच्छेद वाचले. मग त्यांनी स्वतःचा जुना प्रबंध उघडला, असली यंत्रं नव्हती तेव्हाचा. त्यांचं घर गुजराती. इंग्रजी त्याही अशाच जपून लिहीत. तो डिटेक्टरमध्ये टाकला. पानं एकेक करून लाल होत गेली. वडिलांना अर्पण केलेली ओळसुद्धा.

“कुणी लिहिलं हे त्याला कळतच नाही,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यं किती एकसारखी आहेत, एवढंच ते बघतं. आपण शिकलेले, ठरलेले शब्द वापरतो. म्हणून आपण सापडतो.”

त्यांनी जयवंतीला समोर बसवून अहवालावर प्रश्न विचारले. कुणाला भेटली, कच्चे मसुदे कुठे आहेत, हा निष्कर्ष कशावरून. ती सांगत गेली. चैत्याचं सांगताना थांबली; मॅडमही थांबल्या. मूळ अहवाल तसाच, त्यांच्या सहीनिशी वर गेला आणि मान्य झाला.

डिटेक्टरचा नियम मात्र तसाच राहिला. पुढच्या वर्षीचे अहवाल आले तेव्हा मॅडम ते एकामागून एक उघडत गेल्या. सगळे हिरवे होते; लाल घालवायची युक्ती मुलांत पसरली होती. पण प्रत्येकात तीच मोडकी वाक्यं होती, त्याच ठिकाणी तेच शब्द चुकलेले होते. वर्गातल्या एकाही मुलाचा आवाज त्यांना ओळखता येईना.