आठव्या लेनची रेघ

पहिलं वळण

बंदूक वाजते आणि सुतळी सुटते.

सुतळी पहिल्या लेनमध्ये. सगळ्यात आतली लेन, म्हणून सगळ्यात मागे. बाकीच्या सात जणी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीपुढे एक उभ्या होत्या. आठव्या लेनमधली उंच पोरगी तर पार वळणात शिरलेली. ते तसंच असतं. बाहेरचं वळण लांब, म्हणून बाहेरचीला पुढून सोडायचं. शेवटी चारशे मीटर सगळ्यांना सारखेच.

रेघा सुतळीच्या वडिलांनीच मारल्यात. अण्णा या मैदानावर फक्की टाकतात. पोरगी काटक, म्हणून सुतळी हे नावही त्यांचंच. आता ते दोरीपलीकडे उभे आहेत. हात कोपरापर्यंत पांढरे.

पहिली येईल ती संघात. पुढच्या वर्षी सुतळी वयात बसणार नाही. म्हणजे आज, नाहीतर

सरळ

नाहीच.

आठव्या लेनवाली पहिली. सातव्या लेनवाली दुसरी. सुतळी तिसरी, पहिलीच्या दीड हात मागे.

ती गवतावर उताणी पडलीय. ओकून झालंय.

"पाणी पी."

"नको. बूट देऊन टाका कुणाला तरी."

"असं बोलू नये गं."

"मग कसं बोलू? याहून जोरात मला पळताच येत नाही, अण्णा. होतं नव्हतं ते सगळं दिलं." मग बरगडीवर हात ठेवून म्हणते, "दुसऱ्या लेनवालीला मागे टाकताना तिचा कोपर बसला. तोही फुकट."

"कोपर?"

"हो, कोपर."

कोपर लागायला नको. दोघी आपापल्या लेनमध्ये असतील तर

अण्णा वळणाकडे बघतात. लेन अरुंद आहेत. त्यांनीच केल्यात. वळणाला सिमेंटच्या पायऱ्या आड येत होत्या, आठ लेन मावत नव्हत्या. वरून निरोप आला, कशाही बसव. त्यांनी एकेक मीटरच्या बसवल्या. आणि सुरुवातीच्या रेघा? त्या हाताला पाठ आहेत. हातानेच मारल्या. नेहमीच्या रुंद लेनच्या.

दुसरं वळण

"निकाल थांबवा, बाई. रेघ चुकलीय."

मुख्य पंच बाई चष्म्यावरून बघतात. "कुणाची?"

"माझीच."

आठव्या लेनवालीची आई हसते. "पोरगी हरली की बापाला रेघा वाकड्या दिसायला लागतात! जिंकली असती तर बऱ्या सरळ असत्या."

अण्णा मान खाली घालतात. ती बोलतेय ते खोटं तरी कसं म्हणावं? जिंकली असती तर त्यांनी रेघेकडे पाहिलंही नसतं.

बाई आठव्या लेनमध्ये टेप धरून चालतात. "त्रेपन्न मीटर सहासष्ट. आठवीला एवढंच पुढे सोडतात. बरोबर आहे तुमचं."

"बरोबर आहे तेच चुकलंय, बाई! आडवी टेप लावा. लेनची रुंदी बघा. पाया पडतो."

"पाया कसले पडताय, टोक धरा."

एक मीटर.

बाई पुढची लेन मोजतात. एक मीटर. लागायला हवा एक मीटर बावीस. त्या तिथेच उकिडव्या बसतात आणि तळहातावर पेनाने आकडे मांडतात.

"सरळ भाग सगळ्यांना सारखाच, तो सोडा. दोन वळणं मिळून एक पूर्ण गोल. नेहमी आठवीचा गोल पहिलीपेक्षा साडेआठ मीटर त्रिज्येने मोठा असतो. इथे सातनेच. म्हणजे तिला पुढे सोडायचं त्रेचाळीस अठ्ठ्याण्णव." मग आईकडे वळून, "ताई, तुमची मुलगी साडेनऊ मीटरहून जास्त कमी पळालीय. तिचा दोष नाही. पण हा निकाल मला देता येणार नाही."

उंच पोरगी हे ऐकतेय. तिचा चेहरा पाहवत नाही.

"रेघा मारा पुन्हा," बाई म्हणतात. "आजच पळवू."

अण्णा धावत सुतळीकडे येतात. "ऊठ! तू हरली नव्हतीस गं. पुन्हा होणार."

सुतळी उठत नाही. तिच्या पोटऱ्या आपोआप उडतायत.

"पुन्हा? कशाने पळू? कशाला बोललात, अण्णा? हरले होते ते बरं होतं."

सरळ

खराट्याने सुरुवातीच्या जुन्या रेघा पुसल्या. दुसरीची जरा मागे, तिसरीची आणखी मागे, आठवीची सगळ्यात जास्त. पहिलीची रेघ हलत नाही. पहिलीला स्टॅगर, म्हणजे ती पुढची सूट, नसतोच. सुतळी पुन्हा तिथेच वाकते, मघाच्याच बोटांच्या खुणांवर.

बंदूक.

शेवटच्या वळणातून सगळ्या एका ओळीत बाहेर पडतात. अण्णांनी आयुष्यात इतकी सरळ ओळ पाहिलेली नाही. मग ओळ फुटते. दोघीच उरतात, एक अगदी आत, एक अगदी बाहेर. सुतळीचं तोंड वाकडं झालंय, मान मागे पडलीय, पाय कुणा दुसऱ्याचे

छातीभर. उंच पोरगी छातीभर पुढे.

या वेळी तिची आई हसत नाही. रडतेय.

सुतळी रेघेवर आडवी. फक्की गालाला लागलीय. "अण्णा. आता माप बरोबर होतं ना?"

"होतं."

ती डोळे मिटते.

अण्णा बसून राहतात. मग उठतात, टेप घेतात, आणि मैदान रिकामं होत असताना आठव्या लेनकडे चालू लागतात. कुठेतरी चुकलेलं असू दे. वीतभर तरी. देवा, माझा हात चुकलेला असू दे.

त्रेचाळीस मीटर अठ्ठ्याण्णव.

ते टेप गुंडाळतात आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून धरतात.