ओळ सोडायची न्हाई

डिंगोऱ्याच्या गेणभाऊनं चाळीस वर्षं पखवाज वाजवून लोकांना रडवलं, आणि स्वतःची बायको गेली तेव्हा मात्र गड्याच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस आला नाही. आता ह्याला काय म्हणावं! गाव म्हणालं, दगड आहे. गावाचं काय घेऊन बसलात, गावाला तोंड आहे. पण लेक अश्विनीसुद्धा म्हणाली, "आण्णा, आईला तुमी सरपण उचलावं तसं उचललंत." तेरावं आटपून ती पिंपळवंडीला सासरी गेली, ती वर्षभर फिरकली नाही. फोन भावाला करायची, बापाला नाही.

गेणभाऊला रडायचं नव्हतं असं थोडंच होतं? लई खटपट केली त्यानं. सोनीबाईचं लुगडं ट्रंकेतून काढून मांडीवर घेऊन बसला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, बस्स. जेवण जात होतं, झोप लागत होती, कांद्याला पाणी वेळेवर जात होतं. दात काढताना हिरडीला इंजेक्शन देतात, तसं आतलं सगळं बधिर झालेलं. चिमटा काढला तर कळायचं, की चिमटा काढलाय. दुखायचं नाही.

राहता राहिलं भजन. पण खरी गोची तिथंच होती. भजन माणसाला कसं ओढतं, हे ज्याला कळतं त्याला ओढून कसं घेणार? बुवा दादाभाऊ एक ओळ दोनदा म्हणतो, मागचे टाळकरी ती उचलतात. पहिल्या चार फेऱ्या संथ. ऐकणाऱ्याला वाटतं, किती वेळ तेच ते! वाटू द्यायचं. सहाव्या-सातव्या फेरीला पुढं काय येणार हे त्याला माहीत होतं, मग तो अर्थ शोधायचा सोडतो, ओठ आपोआप हलतात. तेव्हा लय वाढवायची, पण केसभर. इतकी, की टाळकऱ्यालाच वाटावं आपला हात आपणहून पळतोय. दम तोकडा पडायला लागला की ओळ अर्धी करायची, मग दोन शब्दांवर आणायची. चढ कळसाला गेला की एकदम खाली, परत संथ. माणूस श्वास घेतो, त्याला वाटतं संपलं, आणि दुसरा चढ पहिल्यापेक्षा वरून सुरू करायचा. घाई केली की नुसता गोंगाट होतो. हे सगळं गेणभाऊच्या बोटांत होतं, आणि सोनीबाई गेल्यापासून नुसतं बोटांतच होतं. समोर बाया डोळे पुसायच्या आणि हा मनात मात्रा मोजायचा.

जुन्नरचा हमीद त्याचा जुना दोस्त, कव्वालीत ढोलक वाजवणारा. उरुसाच्या दुपारी त्यानं गेणभाऊला दर्ग्यात जवळ बसवून घेतलं. गेणभाऊ ऐकत होता, म्हणजे हिशेब करत होता. आता टाळ्या दुप्पट होणार. झाल्या. आता पेटी वर जाणार. गेली. तेवढ्यात कोपऱ्यातला एक म्हातारा एका शब्दावर डोलायला लागला. कव्वालानं पुढचा कलाम सोडलाच! तोच शब्द घेऊन बसला. कधी हळू, कधी मोठ्यानं, कधी नुसता आलाप करून परत त्याच शब्दावर. पाव तास झाला. म्हातारा हळूहळू शांत होऊन बसला, तेव्हा कुठं पुढची ओळ आली.

"ह्यो काय प्रकार?" गेणभाऊनं नंतर विचारलं.

"अरे, तो भान हरपून गेलेला व्हता ना," हमीद म्हणाला. "ज्या बोलावर माणूस जातो, तो बोल बदलायचा नसतो. तो परत येईस्तोवर तिथंच राहायचं. ओळ सोडायची न्हाई. आमच्याकडं ह्यात चूक म्हंजे पाप."

"आन् वाजवणाऱ्यानं काय करायचं?"

"काय करणार? पुढं काय वाजवायचं ते ठरवायचंच नसतं की राव."

गेणभाऊ हं म्हणाला आणि एस.टी. धरून घरी आला.

सोनीबाईचं वर्षश्राद्ध आलं. मांडव घातला, सकाळी दहाला भजन, एकला पंगत. अश्विनी आली, बापाच्या पाया पडली, पण तोंडाकडं न बघता. गेणभाऊला ते दिसलं. आज रडलो नाही तर ही लेक कायमची गेली, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं. कळत होतं, एवढंच.

भजन रंगलं. बाराच्या सुमारास दादाभाऊनं ओळ घेतली, "मागे उरले काय, देवा, नाव तुझे." संथ फेऱ्या झाल्या, चढ झाला, ओळ तुटून "नाव तुझे" एवढीच राहिली. आणि साळुबाई, सोनीबाईची थोरली बहीण, डोळे मिटून पुढं-मागं झुलायला लागली. हात मांडीवर उघडे पडलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, तिला पत्ताच नव्हता.

स्वयंपाक झाला होता. दादाभाऊनं पुढचं कडवं घ्यायला हात वर केला. गेणभाऊनं मान हलवली. न्हाई. दादाभाऊ चक्रावला, आपल्यात असं कुठं असतं? अभंग पुरा करायचा असतो! पण पखवाज हलेना, तर बुवा काय करणार? "नाव तुझे, नाव तुझे."

गेणभाऊ मोजत होता. वीस फेऱ्या. पस्तीस. साळुबाई अजून परत आली नव्हती. पुढं तोडा नव्हता, चढ नव्हता, उतार नव्हता, साधायचं असं काहीच पुढं नव्हतं. पन्नासाच्या आसपास त्याचा आकडा चुकला. परत धरायला गेला, तर कुठून धरायचा तेच आठवेना.

मग त्याला मांडवाच्या खांबावरचं ऊन दिसलं. मघाशी ते जमिनीवर होतं. टाळकरी टाळ मांडीवर ठेवून गप्प बसले होते, साळुबाई तांब्यानं पाणी पीत होती. हात थांबले तेव्हा पंजे लालबुंद झाले होते. तोंड ओलं होतं. त्याला वाटलं, घाम.

"काय झालं? थांबलात का?" त्यानं विचारलं.

"आवो, आमी थांबून अर्धा तास झाला," दादाभाऊ हळूच म्हणाला. "तुमी एकटंच वाजवत व्हता."

अश्विनी उठून आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. बापाच्या गुडघ्याला हात लावून बसली आणि वर्षात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आण्णा, किती रडलात! लहान पोरासारखं. मला वाटलं, छाती फुटती का काय."

गेणभाऊनं आत चाचपून बघितलं. काहीच नव्हतं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते येऊन गेलं होतं, गावानं बघितलं होतं, लेकीनं बघितलं होतं. तेवढा तोच घरी नव्हता. हो म्हणून टाकावं, असं आलं मनात. लेक परत आली होती, आणखी काय पाहिजे? पण खोटं तोंडातून निघेना.

"पोरी, मला काय बी आठवत न्हाई."

अश्विनी चिडली नाही.

"काय बोलत व्हतो का मी?"

"आईला हाका मारत व्हता. 'सोने, ऊठ. च्या ठिवलाय. निवतोय.' तेच तेच."

सोनीबाई गेली त्या सकाळी त्यानं तिला अशाच हाका मारल्या होत्या. कोणाला सांगितलं नव्हतं. कप उशाशी ठेवून तो बराच वेळ उठवत राहिला होता.

पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली. कोणीतरी हाक मारली. गेणभाऊ उठला नाही.

"परत सांग," तो म्हणाला.

"सोने, ऊठ. च्या ठिवलाय. निवतोय."

"परत."

अश्विनीनं बापाकडं बघितलं. मग मांडी नीट घालून बसली आणि मघापेक्षा संथ, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सोने, ऊठ."

गेणभाऊचे ओठ हलले.