चालू ठेवायला 'हो' पाठवा

आई चार गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. पडली-झडली तर मदत मागता यावी, म्हणून थोरल्याने तिच्या गळ्यात एक बटण अडकवलं होतं. ते दाबलं की कंपनीचं माणूस तिच्याशी बोलायचं.

वर्ष संपत आलं तसा थोरल्याच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. "आपली सेवा रविवारी संपते. या वर्षी बटण त्रेचाळीस वेळा दाबलं गेलं. दर वेळी आम्ही अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं. चालू ठेवायला फक्त 'हो' पाठवा. पैसे नेहमीच्या खात्यातून जातील."

"त्रेचाळीस?" बायको म्हणाली. "अहो, सासूबाई तर एकदाही पडल्या नाहीत!"

त्याने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "दादा, आजी पडत नाहीत. संध्याकाळी बटण दाबून विचारतात, 'माझ्या थोरल्याचा काही निरोप आहे का?' नाही म्हटलं की मलाच विचारतात, 'तू जेवलीस का गं?'"

थोरल्याने चपला घातल्या आणि तो दारात घुटमळला.

"आता गेलात की दोन तास गेलेच म्हणून समजा," बायको म्हणाली. "त्या बोलायला बसल्या की घड्याळही कंटाळतं."

"खरंय. आणि ती पोरगी बोलतेच की तिच्याशी."

उभ्याउभ्याच त्याने 'हो' पाठवलं. लगेच उत्तर आलं, "आभारी आहोत. आणखी वर्षभर आपली आई एकटी नाही."

त्याने चपला काढून ठेवल्या.