चंदनाने दुरुस्त केलेली स्क्रीन

माझं पोट इतरांच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरवर भरतं. हेब्बाळच्या एका कंपनीत मी आयटी हेल्पडेस्कवर आहे. दिवसाला तीस-चाळीस माणसं मला विचारतात, भार्गवी मॅडम, हे असं का झालं, आणि मी सांगते. फक्त एक माणूस विचारत नाही. तो माझा नवरा आहे.

श्रीवत्स सॉफ्टवेअर टेस्टर आहे. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, पण तिथला ट्रॅफिक बघता आठवड्यातले चार दिवस तो घरूनच काम करतो. हेल्पडेस्कच्या पाळीमुळे मीही बरेचदा घरी असते. मी हॉलमध्ये, तो बेडरूममध्ये, मधे एक दार. त्या दारातून मला त्याच्या सगळ्या मीटिंगा ऐकू येतात आणि त्यातली निम्मी वाक्यं 'चंदना'ने सुरू होतात.

चंदना त्याच्या टीममधली. म्हैसूरची. मी तिला एकदाच पाहिलंय, त्यांच्या ऑफिसच्या फॅमिली डेला, आणि दिसायला ती चारचौघींसारखी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या पोटात जे दुखतं त्याचा दिसण्याशी संबंध नाही. दिसण्याचं असतं तर मी केव्हाच गप्प बसले असते. दुखतं ते याचं, की तो तिला विचारतो.

गेल्या महिन्यात त्याने मोठा मॉनिटर घेतला. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, आणि टेस्टिंगसाठी त्या विंडोजच्या आत, एका खिडकीत, अख्खा दुसरा लिनक्स कॉम्प्युटर चालतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती खिडकी त्याने लॅपटॉपवरून नव्या मॉनिटरवर ओढली, ताणून मोठी केली. खिडकी मोठी झाली, आतलं लिनक्स मात्र होतं तेवढंच राहिलं. मधोमध पाटाएवढा डेस्कटॉप आणि चारी बाजूंनी काळं.

मी चहा द्यायला आत गेले तेव्हा पाहिलं आणि दोन सेकंदांत ओळखलं. बाहेरची खिडकी केवढी झाली, हे आतल्या मशीनला कळावं म्हणून आत एक छोटं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, गेस्ट अ‍ॅडिशन्स. लिनक्स अपडेट झालं की कधीकधी त्याचं नव्या कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जुळत नाही, मग ते नुसतं नावाला उरतं. आमच्याकडे अशी दर महिन्याला चार-पाच तिकिटं, म्हणजे तक्रारी, येतात. मी कप ठेवला आणि उभी राहिले. आता विचारेल, मग सांगेन.

त्याने फोन उचलला आणि कन्नडमध्ये म्हणाला, चंदना, स्वल्प, म्हणजे जरा, बघतेस का.

मी बाहेर आले. हॉलमध्ये मी काय काम केलं ते मला आठवत नाही, पण एका बिचाऱ्या अकाउंट्सवाल्याला पासवर्ड बदलून देताना मी दोनदा खेकसले.

तो मला का विचारत नाही, याचा विचार मी करत नव्हते असं नाही. लग्नानंतर महिन्याभरात त्याने मला विचारलं होतं, प्रिंटर चालत नाही, बघ ना. प्रिंटरची केबलच लावलेली नव्हती. ही गोष्ट मी गणपतीच्या जेवणाला पंचवीस माणसांसमोर सांगितली, नकला करून सांगितली, आणि माझ्या काकांना हसून हसून ठसका लागला. श्रीवत्सही हसला होता. त्यानंतर त्याने एकदा वायफायचं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, तिकीट टाक. मला तो विनोद वाटला होता.

चंदनाने त्याला आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकार निवडायला सांगितलं. तिथे मोजकेच आकार होते, एकही मॉनिटरला बसेना. मग तिने मशीन बंद करून व्हिडिओ मेमरी वाढवायला सांगितली. खरं बोलायचं तर सल्ला अगदीच चूक नव्हता, मोठ्या स्क्रीनला मेमरी जास्त लागतेच. पण हा रोग तो नव्हता. चार दिवस तो पाटाएवढ्या डेस्कटॉपवर डोळे बारीक करून काम करत राहिला आणि रोज सकाळी तिला सांगत राहिला की नाही गं, अजून तसंच आहे. मी चार दिवस ऐकत राहिले. दारावर जाऊन सांगितलं असतं तर माझी जीभ झडली नसती. पण न बोलावता जायचं, तेही नवऱ्याकडे, तेही तिच्यानंतर? माझ्या अंगाची लाही होत होती.

मंगळवारी तो खाली केस कापायला गेला. मशीन चालूच होतं.

हेल्पडेस्कचा पहिला नियम असा, की मालकाने सांगितल्याशिवाय त्याच्या मशीनला हात लावायचा नाही. नव्या मुलींना हे मीच शिकवते. त्या दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसले. आतल्या लिनक्सचा पासवर्ड मला ठाऊक होता, कारण हा गृहस्थ सगळीकडे आपल्या आजीचं नाव वापरतो, अंबूबाई आणि पुढे एक-दोन-तीन. चालू कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणाऱ्या फाइली, नव्हतेच, म्हणून अ‍ॅडिशन्स नव्याने बांधले गेले नव्हते. हेडर्स घातले, बांधणीची साधनं घातली, वरच्या मेनूतून अ‍ॅडिशन्सची सीडी जोडली, चालवली, आतलं मशीन रीस्टार्ट केलं. व्ह्यू मेनूत आपोआप आकार बदलण्याच्या पर्यायावर खूण आहे ना, तेही पाहिलं. खिडकी ताणली. आतलं सगळं तिच्याबरोबर भरभर पसरलं आणि काठापर्यंत लख्ख झालं. अक्षरं कोरल्यासारखी. वीस मिनिटं लागली.

मी हॉलमध्ये येऊन बसले. आता कळेल, म्हटलं. बायकोने केलं हे न सांगता कळेल.

तो आला, आत गेला, आणि आतून त्याचा आनंदाचा आवाज आला. मग फोन. मी खुर्चीतून अर्धी उठले होते तेव्हा ऐकलं, चंदना, झालं बघ, तुझ्या त्या मेमरीनेच झालं असणार, थँक्स हां.

मी परत बसले. एवढा राग मला माझ्या आयुष्यात आला नव्हता. कष्ट माझे, आणि हार तिच्या गळ्यात. मी सांगू शकले असते, त्याच क्षणी, दारात उभं राहून. सांगितलं नाही. मला ते मागून घ्यायचं नव्हतं. त्याने येऊन द्यायला हवं होतं.

दोन दिवस मी धुमसले आणि तिसऱ्या दिवशी मला सुचलं. त्याला असा बिघाड देऊ की चंदनाला उपाय सांगता येणार नाही आणि वेळही उरणार नाही. मग हाकेच्या अंतरावर मीच असेन.

शुक्रवारी अकरा वाजता त्याचा क्लायंटसमोर डेमो होता. साडेदहाला तो आंघोळीला गेला. मी त्याच्या मशीनची खिडकी वहीएवढी लहान केली, तसं आतलं लिनक्सही आज्ञाधारकपणे तेवढं झालं. मग उजवीकडचं कंट्रोल आणि सी ही बटणं दाबली. स्केल्ड मोड. त्यात आतलं मशीन आपला आकार बदलत नाही, जे लहान चित्र आहे तेच नुसतं ताणलं जातं. खरंच या मोडमध्ये जायचं का, असं मशीनने मला विचारलंसुद्धा. मी हो म्हटलं, आणि खिडकी मॉनिटरभर मोठी केली. सगळी अक्षरं फुगून धूसर झाली, चहात भिजलेल्या पावाच्या तुकड्यांसारखी. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफीचं पाणी ठेवलं आणि माझ्या नावाची वाट पाहू लागले.

पावणेअकराला तो खोलीत गेला. माऊसच्या टकटकी. खिडकी लहान-मोठी करून पाहत असणार. एकदा तो दारापर्यंत आला, हॉलमध्ये माझी खुर्ची रिकामी पाहिली की काय कोण जाणे, आणि परत गेला. मी हाक मारली असती तर? पण मी पाणी उकळत ठेवलं.

मग फोन स्पीकरवर लागला. चंदना.

तिने घाई केली नाही. विचारलं, खिडकीच्या वरची मेनूची पट्टी दिसते का. तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग तू स्केल्ड मोडमध्ये आहेस, उजवं कंट्रोल धर आणि सी दाब. त्याने दाबलं. अर्ध्या मिनिटात काम. मला वाटलं होतं तिला येणार नाही. तिला येत होतं.

मी तोवर दारात पोचले होते. त्याची पाठ माझ्याकडे होती. मग चंदना सहज म्हणाली, तिच्या इंग्रजी-कन्नडमध्ये, पण मला शब्द न् शब्द कळला, "हे आपोआप होत नाही श्रीवत्स. कोणीतरी दोन बटणं दाबावी लागतात, वर ते विचारतं, हो म्हणावं लागतं. घरात लहान मूल आहे का कोणी?"

श्रीवत्सने माऊसवरचा हात काढला.

"नाही. माझाच हात लागला असेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग वळला. मी तिथेच उभी आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही. अकराला चार मिनिटं होती.

मी म्हणाले, मंगळवारचं मी केलं होतं. मला वाटतं मी आधी ते सांगितलं. आजचं नाही, मंगळवारचं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "टर्मिनलच्या हिस्ट्रीत सगळ्या कमांड दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी पाहिल्या."

"मग मला का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. आणि तुला काही विचारलं की त्याची गोष्ट होते, भार्गवी. चंदना उत्तर देते आणि विसरून जाते."

मी म्हणाले, आजचंही मीच केलं. हे म्हणायला मला वेळ लागला, आणि तोवर त्याने हेडफोन हातात घेतला होता.

तो चिडला नाही. चिडला असता तर मी भांडले असते, भांडणात मी त्याचं ऐकत नाही. डेमो पार पडला. दाराबाहेरून मी ऐकला, तो छान बोलत होता, कुणीतरी शेवटी टाळ्याही वाजवल्या. दुपारी तो जेवायला आला, आमटीला चव आहे म्हणाला, दोनदा भात घेतला. ताट उचलताना त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं की सोमवारपासून तो रोज ऑफिसला जाणार आहे.

मी म्हणाले, पाचही दिवस? सिल्क बोर्डच्या चौकातल्या त्या गर्दीतून? जायला दीड तास, यायला दीड तास.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "पण तिथे माझ्या मशीनला कोणी हात लावत नाही."

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.