पेपर पाहूनच आला ना?

देवमनबाबांच्या लेखी जाहिरात म्हणजे पेपरातली, बाकी सगळी थेरं. दर्यापुरात फवारणीचे पंप विकायचं आणि दुरुस्त करायचं त्यांचं छोटंसं दुकान. जाहिरातीला महिन्याचे सहा हजार, त्यातले पाच पेपरला. चौकटीखाली ठसठशीत ‘संचालक देवमन’. गल्ला कधीच सुनेकडे गेला होता. दुकानात बाबांचं म्हणावं असं तेवढं नावच उरलं होतं.

आणि यंदा सुनेनं, ज्योत्स्नानं, त्यालाच हात घातला.

“बाबा, पेपरले तीन हजार. दीड फेसबुकले, एक जीपस्टँडवरच्या बोर्डाले. पाचशाचे नंबरवाले स्टिकर छापू, पंपावर लावू. लोकं नंबर सेव्ह करतीन, मंग व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवता येते. गिऱ्हाइकाले इचारायचं, कुठून समजलं. ज्याच्यातून कोनी येत नाही, ते पुढच्या महिन्यात बंद.”

पेपर बंद झाला, तर बाबांचं नावही गेलं असतं. विचारायचं काम त्यांनी लगेच स्वतःकडे घेतलं.

“पेपर पाहूनच आला ना भाऊ?” चहाचा कप पुढे करून ते विचारत. चहा पाजणाऱ्या म्हाताऱ्याला नाही कोण म्हणणार? “हो ना बाबा!” की बाबा खडूनं भिंतीवर रेघ ओढत.

इकडे फेसबुकवरून फोन खणखणत होते, पण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांचे! जाहिरात कुठं दिसावी, यासाठी ज्योत्स्नानं अख्खा अमरावती जिल्हा निवडला होता. एका पंपासाठी शंभर किलोमीटर कोण येतो? आणि हद्दीपलीकडची, अकोला जिल्ह्यातली हाकेवरची गावं मात्र सुटली होती. बाबा मिशीत हसले.

रेघांच्या नादात महिनाभर न पाहिलेला पेपर त्यांनी शेवटच्या रविवारी उघडला. जाहिरात नव्हती. पुन्हा पानं चाळली, मग एजंटला फोन लावला.

“महिनाभर पान भरलेलंच होतं बाबा, एकदाही लागली नाही. पुढच्या रविवारी लावतो.”

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. रेघांची रांगच रांग. न छापलेली जाहिरात एवढ्यांनी वाचली होती! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सून दुकानात नव्हती, कुणाला कळलंही नसतं. तरी त्यांनी ओल्या फडक्यानं भिंत पुसली.

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, “कसा आला रे इकडे?”

“जीपवाल्यानं सांगतलं, देवमनबाबाच्या इथं जा. स्टँडवरच्या बोर्डावर दुकानाचं भलतंच नाव हाय, म्हनून शोधत बसलो.”

दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानंही.

संध्याकाळी बाबांनी सुनेला सगळं कबूल केलं, गिऱ्हाइकांचं बोलणंही सांगितलं. “पेपर बंद कर पोरी.”

ज्योत्स्ना पोट धरून हसली. “म्या बी जिल्हा चुकवलाच की! आता फेसबुकवर दुकानापासून तीस किलोमीटरच ठेवते. अन् पेपरचे पैसे बोर्डाले.”

महिन्याच्या सुरुवातीला बाबा जीपस्टँडवर गेले. सुनेनं रंगवून घेतलेल्या नव्या पिवळ्या बोर्डावर हातभर उंचीची अक्षरं होती: ‘देवमनबाबाचं पंप दुकान’. बाबांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात जीपमधून एकजण पाठीवर पंप घेऊन उतरला. बोर्ड वाचून त्यानं शेजारच्या म्हाताऱ्यालाच विचारलं, “बाबा, हे देवमनबाबा कुठं बसतेत?”

“चाल, दाखवतो,” म्हणत बाबांनी त्याचा पंप स्वतःच्या खांद्याला अडकवला.