लिलाववाल्या काकांच्या गुळण्या

लिलाव पुकारणाऱ्या काकांचा घसा असा धरला की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येई. तीन दिवस त्यांनी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांचा आणि वाफेचा सपाटा लावला. तासभर बरं वाटे, कोरड जाई. पण ताप हटेना.

शेवटी डॉक्टर पुतणीने घशात टॉर्च मारला. टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते. नमुना तपासला, तर जंतू निघाले.

"म्हणजे माझ्या गुळण्या वाया?" काका हिरमुसले.

"छे! त्यांनी दुखणं हलकं झालंच की. पण जंतू मारणं त्यांना जमत नाही काका, वाफेलाही नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा."

"आणि दोन दिवस बोलायचं नाही, असंही लिही गं," काकू आतून म्हणाल्या.

काका हसले आणि लगेच कळवळले.